अभ्यासाची जागा

मुलाने अभ्यास कोठे करावा, हा प्रश्न पूर्वीच्या कुटुंबांतून फारसा विचारला जात नसे. घरात जो कोपरा मोकळा सापडेल तो अभ्यासाचा, आणि दिवा जळेल तितका वेळ अभ्यासाचा, अशी साधी व्यवस्था होती. आज मात्र जो तरुण वनरक्षकाच्या, पोलिसाच्या अथवा राज्यसेवेच्या परीक्षेस बसू इच्छितो, त्यास एक वर्ष, दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ रोज सात-आठ तास एका जागी बसावे लागते. आणि दोन खोल्यांच्या घरात, जेथे दूरचित्रवाणी, पाहुणे आणि स्वयंपाक यांचा संसार एकत्रच चालतो, तेथे अशी जागा निघत नाही. म्हणून आमच्या चंद्रपुरात, आणि पलीकडे गडचिरोलीतही, ‘अभ्यासिका’ हा शब्द आता दवाखाना किंवा बाजार यांच्याइतकाच नित्याचा झाला आहे. ही जागा कशी पारखावी, याविषयी आम्हांस जे पाहावयास मिळाले ते येथे सांगण्याचा विचार आहे.

गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात धानोरा तालुक्यातील आमच्या एका स्नेह्यांची कन्या परीक्षेच्या तयारीसाठी चंद्रपुरास आली. नात्यातील एका कुटुंबात तिची राहण्याची सोय होती, बसण्याची नव्हती. वडिलांची शेती धानाची, आणि उन्हाळ्यात हाती रोख पैसा येतो तो तेंदूपत्त्याचा. तेव्हा जागेसाठी द्यावयाचा प्रत्येक रुपया कोणत्या कष्टाचा आहे हे आम्ही जाणून होतो. तिच्याबरोबर आम्ही तीन-चार ठिकाणे हिंडलो.

प्रथम अर्थातच सार्वजनिक वाचनालय. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यान्वये शासनमान्य वाचनालयांस अनुदान मिळते, आणि गावोगावची जुनी वाचनालये त्यावर उभी आहेत. तेथे वर्तमानपत्रे फुकट वाचावयास मिळतात, आणि अल्प वर्गणीत व अनामतीत पुस्तके घरी नेता येतात. परंतु वाचनालय हे पुस्तकांसाठी असते, बैठकीसाठी नव्हे, हा भेद ध्यानी घ्यावयास हवा. पुष्कळ वाचनालये सकाळी उघडतात, दुपारी बंद होतात आणि सायंकाळी पुन्हा उघडतात. नोकरदार वाचकास ही वेळ सोयीची, पण दिवसभर बसू पाहणाऱ्याच्या दिवसाचे त्यामुळे दोन तुकडे होतात. शिवाय वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती निवृत्त मंडळींची चर्चा चालावयाची, आणि तो त्यांचा हक्कच आहे. म्हणून आम्ही तिला सुचविले की, वाचनालयात सकाळचा एक तास जावे, वर्तमानपत्र व संदर्भग्रंथ पाहावेत, टिपणे काढावीत आणि उठावे. ज्या कामास पुस्तके लागतात ते काम तेथे. ज्यास केवळ खुर्ची व शांतता लागते ते अन्यत्र.

हे ‘अन्यत्र’ म्हणजे शुल्क घेणारी अभ्यासिका. बहुधा एखाद्या दुकानाच्या वरचा मजला, त्यात लाकडी आडोसे घालून केलेले कप्पे, प्रत्येकास क्रमांक, एक दिवा आणि विजेचे बटण. दारापाशी चपलांची मांडणी, पाण्याचे पिंप आणि हजेरीची वही. पहिल्या अभ्यासिकेत आम्ही सकाळी नऊ वाजता गेलो तेव्हा ती आदर्श भासली. चालकांनी सहा महिन्यांचे शुल्क एकदम भरल्यास सवलतही देऊ केली. आम्ही त्यांस नम्रपणे म्हणालो, “दुपारी तीन वाजता पुन्हा येऊन पाहतो.” चंद्रपुरातील जागा सकाळी पाहून ठरवू नये, असे आमचे मत आहे. ज्या गावी मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांपर्यंत जातो, तेथे अभ्यासिकेची खरी परीक्षा दुपारीच होते.

त्या दुपारी आम्हांस दोन प्रकारच्या खोल्या पाहावयास मिळाल्या. पहिली वातानुकूलित होती. आत शिरताच गारवा सुखद वाटला, परंतु हवा कोंदट होती, आणि कप्प्यांतील निम्मी मंडळी डोके टेकून निजली होती. याचे कारण साधे आहे. भिंतीवरचे हे यंत्र खोलीतील तीच हवा पुनःपुन्हा थंड करते, बाहेरची ताजी हवा आत आणीत नाही. गारवा टिकावा म्हणून खिडक्या बंद ठेवतात, आणि चाळीस माणसांचा श्वास तेथेच साचत राहतो. आत बसलेल्यास हे कळत नाही, कारण नाक दहा मिनिटांत सरावते. बाहेरून येणाऱ्यास मात्र पहिल्या श्वासातच कळते. तेव्हा पारख करावयाची ती उंबरठ्यावरच करावी. ज्या खोलीत एखादी झडप किंवा हवा बाहेर फेकणारा पंखा चालू असेल, तेथे हा दोष बराच कमी आढळतो.

दुसऱ्या खोलीत कूलर होता. कूलर बाहेरची हवा ओल्या वाळ्यातून आत ओढतो, म्हणून समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते. नाहीतर दमट हवा आत कोंडते आणि गारवा नाहीसा होतो. आमच्या भागातील एप्रिल-मे महिन्यांचा उन्हाळा कोरडा असल्याने ही युक्ती उत्तम चालते. मात्र जूनमध्ये पाऊस लागला की हवेतच ओल भरते आणि कूलर केवळ पंख्याचे काम करतो. म्हणून उन्हाळ्यात घेतलेली जागा पावसाळ्यात तशीच राहील असे धरून चालू नये. कूलरच्या अगदी समोरची खुर्चीही टाळावी. तेथे कागद उडतात, वह्या ओलसर होतात आणि खांदे आखडतात.

कूलरच्या घरघरीविषयी आम्हांस शंका होती. परंतु तासभर बसून बाहेर आल्यावर ती मुलगी म्हणाली, “काका, कूलरचा आवाज पाच मिनिटांनी ऐकूच आला नाही. पण मागे त्या दोघी हळू आवाजात बोलत होत्या, ते सगळं मी आता सांगू शकते.” तिने अनायासे एक शास्त्रीय सत्य सांगितले होते. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, इंग्रजी जाणणाऱ्या लोकांस अक्षरांचा क्रम पाठ करावयास दिला आणि त्या वेळी त्यांच्या कानी जर्मन वाचन घातले. अर्थ कळत नसताही त्यांच्या चुका वाढल्या. पुढे १९८२ च्या प्रयोगांत असेही दिसले की, एकसारख्या गोंगाटाचा तसा परिणाम होत नाही. बदलत जाणारा मानवी आवाज स्मरणाच्या आड येतो; एकसुरी घरघर येत नाही. कलमे, सनावळ्या आणि नद्यांचे क्रम पाठ करणाऱ्यास तर याचे महत्त्व विशेष. यावरून असे निघते की, अभ्यासिकेची शांतता तिच्या भिंतींत नसून तिच्या नियमांत असते. फोनवर बोलावयाचे ते जिन्याखाली जाऊनच, हा नियम भिंतीवर लिहिलेला सर्वत्र आढळतो. तो पाळला जातो की नाही, हे पाहावयास अर्धा तास गप्प बसावे लागते. कुणाचा फोन वाजला आणि तो जागीच बोलू लागला, तर चालक उठतो की नाही, एवढेच पाहावे.

आणखी एक गोष्ट आम्ही प्रत्येक ठिकाणी पाहिली, ती म्हणजे बाहेर पडण्याची वाट. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात, एका शिकवणीच्या तळघरातील वाचनालयात पावसाचे पाणी घुसले आणि तीन विद्यार्थी बुडून मरण पावले. त्या तळघरास परवानगी होती ती सामान व वाहने ठेवण्याची. आमच्याकडे तळघरे कमी. पण अरुंद जिना, एकच दार, आणि त्या दाराशी विजेची मुख्य पेटी, ही रचना आम्हांस एका ठिकाणी दिसली. ती जागा स्वस्त होती. आम्ही तिचे नाव यादीतून काढले.

राहिला खर्चाचा हिशेब. एका दूरच्या अभ्यासिकेचे शुल्क महिना ५०० रुपये, व जवळचीचे ८००. वरकरणी पहिली स्वस्त. परंतु तेथे जाण्यास ऑटोचे जाऊन-येऊन ३० रुपये. २६ दिवसांचे ७८० झाले. म्हणजे एकूण १२८०. जवळची पायी गाठता येते, म्हणून ८०० वरच थांबते. शिवाय दूरच्या ठिकाणी जागा ठरलेली नव्हती. जो आधी येईल त्याची खुर्ची. जवळची अभ्यासिका ‘चोवीस तास’ खुली होती, आणि शुल्कात त्या रात्रींचाही वाटा होता. परंतु मुलीने रात्री अकरा वाजता एकटीने परतणे घरच्यांस मान्य नव्हते, व आम्हांसही नव्हते. तेव्हा चालकांस विचारून दिवसाच्या पाळीची जागा आम्ही ६०० रुपयांत ठरविली. हे मागितल्यावाचून मिळत नाही. सहा महिन्यांची सवलत आम्ही नाकारली, कारण मे महिन्यात तेंदूपत्ता तोडण्यास आणि जुलैत रोवणीस तिला गावी जावेच लागणार होते. भरलेले शुल्क परत देण्याची रीत कोठेही दिसली नाही. महिन्याचे महिन्यास देणे हेच शेतकऱ्याच्या मुलीस परवडणारे.

गावी असताना काय करावे, हा प्रश्न उरतोच. गडचिरोली जिल्ह्यात पोलीस दलाने अलीकडे ‘एक गाव, एक वाचनालय’ या उपक्रमात, गावकऱ्यांच्या श्रमदानाने, दुर्गम गावी वाचनालये उभी केली आहेत. ज्या भामरागडचा रस्ता पर्लकोटेच्या पुरात तुटतो, तेथील मुलास जिल्ह्याच्या ठिकाणची खुर्ची पावसाळ्यात काय उपयोगाची? त्याच्या गावची एक खोली, चार टेबले आणि परीक्षेची पुस्तके हीच त्याची अभ्यासिका. मात्र तेथे किल्ली कोणापाशी असते आणि दिवा किती वाजेपर्यंत राहतो, हे दोन प्रश्न चंद्रपुरातील वातानुकूलनाहून महत्त्वाचे ठरतात.

ती मुलगी सध्या सकाळी वाचनालयात, मग आपल्या क्रमांकाच्या कप्प्यात बसते. पोलीस भरतीची लेखी परीक्षा नव्वद मिनिटांची आणि शंभर गुणांची. म्हणून आठवड्यातून एकदा ती नमुन्याची प्रश्नपत्रिका घेऊन मुद्दाम वाचनालयातील त्या बोलक्या टेबलाशी जाऊन सोडविते. परीक्षेच्या खोलीत पर्यवेक्षक चालतात, खुर्च्या सरकतात, बाहेर वाहने वाजतात. त्याची सवय हवी, असे तिचे म्हणणे. निवृत्त मंडळीही आता तिला ओळखतात, आणि ती घड्याळ समोर ठेवून बसली म्हणजे नव्वद मिनिटे राजकारण थोडे हळू आवाजात चालते.