शोषखड्ड्याआधीची परीक्षा

१२ एप्रिल

परभणी जिल्ह्यातल्या मामाच्या नव्या घराची सेप्टिक टँक बांधून झाली. तिचं पाणी मुरवायला परसात शोषखड्डा घ्यायचा आहे. गवंड्याने दुपारी काळ्या जमिनीत हातभर खड्डा करून बादलीभर पाणी ओतलं, आणि ते बघता बघता गेलं. "साहेब, ही जमीन सगळं पिती," तो म्हणाला.

मला हे पटलं नाही. एप्रिलात काळ्या मातीला बोटभर भेगा असतात आणि पाणी त्यांत पळतं. माती एकदा भिजली की फुगते, भेगा मिटतात. शोषखड्ड्याची भिंत बारा महिने ओली राहणार, तेव्हा परीक्षाही ओल्या मातीचीच घ्यायला हवी.

संध्याकाळी ३० सेंटिमीटर चौरस आणि ९० सेंटिमीटर खोल खड्डा घेतला. पहारीने भिंती चोपड्या होतात आणि मातीची छिद्रं बुजतात, म्हणून त्या खिळ्याने ओरबाडल्या. सुटी माती काढून तळाशी ५ सेंटिमीटर जाड वाळू टाकली. वाळूवर ३० सेंटिमीटर पाणी राहील असं पाहत भरत राहिलो. सुरुवातीला घागरीमागून घागर लागली. रात्री झोपायच्या वेळी पातळी जेमतेम हलत होती.

१३ एप्रिल

सकाळी खड्ड्यात पाणी तसंच उभं होतं. उपसून ते वाळूवर १५ सेंटिमीटर ठेवलं. तोंडावर लाकडी पट्टी आडवी टाकली आणि तिच्यापासून फूटपट्टीने खाली मोजलं. अर्ध्या तासात ८ मिलिमीटर उतरलं. म्हणजे २५ मिलिमीटर उतरायला साधारण ९४ मिनिटं.

आयएस २४७० या भारतीय मानकात हा २५ मिलिमीटरचा वेळच माप म्हणून धरतात. तो ३० मिनिटांपर्यंत असेल तर शोषखड्डा चालतो, ३० ते ६० असेल तर उथळ चर घ्यावेत. त्यापुढे मातीवर भरवसा ठेवू नये.

"मग दुसरीकडं कुठं खोदायचं?" मामा विचारत होता. परसाच्या दुसऱ्या कोपऱ्यातही हीच माती निघेल. खोल जायला हवं, कारण खाली मुरूम आहे. दुपारी मोठा खड्डा घेतला, बाजू ढासळू नयेत म्हणून पायऱ्या सोडत. १.४ मीटरवर मुरूम लागला. त्याच्या आत, १.८ मीटरपर्यंत पोचणारा छोटा खड्डा करून तोही रात्रभर भिजवला.

१४ एप्रिल

इथे सकाळी पाणी शिल्लक नव्हतं. अशा वेळी १५ सेंटिमीटर भरून दर अर्ध्या तासाने उतार मोजायचा, पुन्हा तेवढंच भरायचं, असं चार तास. पहिला उतार ७० मिलिमीटरचा होता, मग तो कमी होत गेला आणि शेवटच्या अर्ध्या तासात ४० वर आला. हिशेबात हा शेवटचा आकडाच घ्यायचा. २५ मिलिमीटरला सुमारे १९ मिनिटं झाली.

मामाला वाटलं, एवढ्या वेगाने मुरतंय तर लहानसा खड्डा पुरेल. या वेगाने चौरस मीटरमागे दिवसाला जवळपास १,९०० लिटर मुरायला हवं, हे खरं. पण आपण स्वच्छ पाणी ओतलं. टँकमधून येणाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म गाळाचा आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर भिंतीवर बसतो, मग मुरण्याचा वेग तो थरच ठरवतो. म्हणून मानक २०४ ला मिनिटांच्या वर्गमुळाने भागायला सांगतं. १९ चं वर्गमूळ ४.३६, उत्तर ४७ लिटर. चाळिसावा हिस्सा! मला हा कंजूषपणा योग्य वाटतो.

घरात पाच माणसं, टँकमधून दिवसाला ५०० लिटर धरले. ५०० भागिले ४७, म्हणजे १०.६ चौरस मीटर भिंत हवी. काळ्या मातीची भिंत मी यात मोजत नाही. दीड मीटर व्यासाच्या खड्ड्यात दर मीटर खोलीला ४.७ चौरस मीटर भिंत मिळते; म्हणजे मुरमात सव्वादोन मीटर उतरावं लागेल आणि तळ ३.७ मीटरवर जाईल.

१६ एप्रिल

विहीर पाहिली. ती ३० मीटरवर आहे, मानकातल्या १८ मीटरपेक्षा लांब. पण आत्ताची पातळी बघून भागत नाही. दगडांवरच्या खुणा आणि मामाची आठवण जुळते: दिवाळीच्या सुमारास पाणी जमिनीखाली साडेचार मीटरवर असतं. ३.७ मीटरचा खड्डा घेतला तर मध्ये मुरूम एक मीटरही उरत नाही, आणि मैला-पाणी गाळायचं काम त्यालाच करायचं आहे.

म्हणून एकाऐवजी दोन खड्डे, एकमेकांपासून लांब, प्रत्येक २.६ मीटर खोल. टँकपुढच्या चेंबरमधून पाणी दोघांत सारखं वाटायचं. भिंत तेवढीच मिळते आणि खाली १.९ मीटर मुरूम शिल्लक राहतो. न्हाणीघराचं पाणी यात सोडायचं नाही, कारण ते ५०० लिटरांत धरलेलंच नाही. ते केळीच्या आळ्यात जाईल. गवंड्याला आखणी करून दिली आहे. उद्या खोदाई सुरू.