मधला स्टार गेला कुठे?

इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या देखभालीच्या पावत्या पीडीएफ करून एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेल्या असतात. पावती, फ्लॅट, वर्ष असं फाइलचं ठरलेलं नाव, मध्ये अंडरस्कोर. कुठली फाइल कशी शोधायची याचं टिपण आधीच्या समितीतल्या एका तरुण सभासदानं मार्कडाउनमध्ये लिहून ठेवलं आहे. मी ते ब्राउझरमध्ये सजवलेल्या रूपात वाचतो, खजिनदार काका तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडतात.

ऑडिटच्या वेळी फोनवर मी काकांना म्हटलं, "pavti_2023.pdf शोधा." काका म्हणाले, "अरे, या नावाची फाइलच नाही. आणि माझ्याकडे मध्ये स्टार दिसतोय." टिपणातली मूळ ओळ अशी होती:

```
pavti_*_2023.pdf आणि pavti_*_2024.pdf
```

आणि माझ्या पडद्यावर उमटली होती ती अशी:

```
pavti_2023.pdf आणि pavti_2024.pdf
```

"2023.pdf आणि pavti" एवढाच भाग तिरपा झाला होता, तेवढीच काय ती खूण. "कुठल्याही फ्लॅटची पावती" असं सांगणारा स्टार गेला आणि उरलं ते खऱ्या फाइलसारखं दिसणारं नाव. ओळ वेडीवाकडी दिसली असती तर लगेच शंका आली असती.

मार्कडाउनमध्ये अंडरस्कोर किंवा स्टारच्या जोडीत अडकलेला मजकूर तिरपा होतो आणि ती जोडी पुसली जाते. जॉन ग्रुबर यांच्या 2004 च्या मूळ मार्कडाउनमध्ये शब्दाच्या पोटातला अंडरस्कोरही असा खाल्ला जाई. 2014 मध्ये आलेल्या कॉमनमार्कनं ते थांबवलं, म्हणून pavti_A101_2023 आज सुखरूप राहतं. पण ही सवलत अंडरस्कोरच्या दोन्ही बाजूंना अक्षर किंवा अंक असेल तरच. आमच्या ओळीत एका बाजूला स्टार होता आणि स्टार हे विरामचिन्ह धरलं जातं. त्यामुळे पहिल्या स्टारनंतरचा अंडरस्कोर "सुरुवात" ठरला, दुसऱ्या स्टारआधीचा "शेवट" ठरला आणि बाहेरचे दोन स्टारही तसेच जोडीनं गेले.

पहिला उपाय कुणालाही सुचतो तो बॅकस्लॅशचा. प्रत्येक चिन्हाआधी तो टाकला की ब्राउझरमध्ये सगळं नीट दिसतं. काकांच्या नोटपॅडमध्ये मात्र हे येतं:

```
pavti\_\*\_2023.pdf
```

वाचायला अवघड हे एक. दुसरं म्हणजे विंडोजमध्ये बॅकस्लॅश फोल्डर वेगळे करतो. काकांनी ही ओळ जशीच्या तशी उचलून कमांडमध्ये टाकली तर संगणक pavti नावाचा फोल्डर शोधू लागेल.

म्हणून आम्ही नावाभोवती बॅकटिक घातले, कीबोर्डवर एकच्या डावीकडचं ते उलटं अवतरणचिन्ह:

```
`pavti_*_2023.pdf`
```

बॅकटिकच्या आत मार्कडाउन कशालाही हात लावत नाही. नोटपॅडमध्येही नाव अवतरणात घातल्यासारखं दिसतं आणि मधला भाग थेट उचलता येतो. मात्र आत बॅकस्लॅशही टाकायचा नाही, तो तसाच दिसत राहतो. नावांची लांब यादी असेल तर वर एक ओळ कोरी सोडून प्रत्येक ओळीआधी चार स्पेस द्याव्यात. मग एकही जादा चिन्ह लागत नाही.

वेबपत्त्यांना बॅकटिक चालत नाहीत, कारण लिंक मरते. पावत्यांची बेरीज करणाऱ्या छोट्या पायथन स्क्रिप्टसाठी टिपणात एक पत्ता दिला होता, त्यातलं `__main__` ठळक होऊन नुसतं main उरलं होतं. तिथे कोनी कंस घातले:

```
<https://docs.python.org/3/library/__main__.html>
```

कॉमनमार्कमध्ये या कंसातला पत्ता आहे तसाच राहतो आणि लिंकही होतो. साध्या मजकुरातही ही खूण परकी नाही. वेबपत्त्यांचं प्रमाण ठरवणाऱ्या 2005 च्या आरएफसी 3986 मध्येच, साध्या मजकुरात पत्ता कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे दाखवायला कोनी कंस सुचवले आहेत. अट एवढीच की पत्त्यात स्पेस नको.

अंडरस्कोरऐवजी %5F लिहिण्याचाही मार्ग आहे आणि पत्ता तोच राहतो. पण तो माणसाला वाचता येत नाही, आणि स्टारऐवजी %2A लिहिलं तर प्रत्येक सर्व्हर ते सारखंच मानेल याची हमी नाही.

तेव्हा फाइलच्या नावाला बॅकटिक, पत्त्याला कोनी कंस, आणि बॅकस्लॅश शक्यतो टाळावा. टिपण पुढे पाठवण्याआधी सजवलेलं रूप आणि मूळ मजकूर शेजारी उघडून फक्त तिरपी आणि ठळक अक्षरं तपासा. आपण न मागता एखादा शब्द तिरपा झाला असेल, तर त्याच्या दोन्ही टोकांना काहीतरी पुसलं गेलंय असं समजा.