निशाणी पाच

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण ज्याच्या दारात शेजाऱ्याने पाया खणला त्याने काय करावे, हे त्या म्हणीत सांगितलेले नाही. गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात आमच्या घरावर ती वेळ आली. घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच; म्हणून आबांबरोबर तालुक्याच्या दिवाणी कोर्टात जाण्याचे काम माझ्याकडे आले. तिथे जे कळले ते लिहितो आहे. कारण बांधाचे आणि बोळाचे तंटे गावोगाव आहेत, आणि ‘स्टे मिळाला’ म्हणजे नेमके काय मिळाले, हे स्टे मिळालेल्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

आमचे घर गावठाणात आहे. घराच्या उत्तरेला नऊ फूट रुंद आणि चाळीस फूट लांब असा बोळ. बोळाच्या टोकाला परडे आणि परड्यात गोठा. बोळापलीकडे शेजाऱ्याचे घर. सोमवारी सकाळी त्यांनी बोळात फक्की मारली आणि पाया खणायला घेतला. आबा विचारायला गेले, तर ‘जागा आमची आहे, ग्रामपंचायतीची परवानगी आहे,’ एवढेच उत्तर मिळाले. गुरुवारी आमचा दावा दाखल झाला.

दाव्याचा निकाल लागायला वर्षे जातात. खोली दोन महिन्यांत उभी राहते. म्हणून दाव्याबरोबरच तूर्तातूर्त मनाई हुकमाचा अर्ज द्यावा लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३९ त्यासाठी आहे. आपल्याकडच्या कोर्टांत या अर्जाला निशाणी ५ हाच क्रमांक पडतो, त्यामुळे सगळे त्याला ‘निशाणी पाच’ म्हणतात. सोबत शपथपत्र जोडतात. आबांनी त्यावर अंगठा उठवला.

आम्हाला वाटले, त्याच दिवशी काम थांबेल. पण दुसऱ्या बाजूला नोटीस दिल्यावाचून मनाई द्यायची नाही, हा नियम आहे. उशिराने अर्जाचा हेतूच बुडणार असेल तरच एकतर्फी हुकूम देता येतो, आणि त्याची कारणे न्यायाधीशांना लिहावी लागतात. आमच्या न्यायाधीशांनी नोटीस काढली आणि जागेची आजची स्थिती टिपण्यासाठी कोर्ट कमिशनर नेमला. कमिशनर म्हणजे तिथलेच एक वकील. त्यांनी दोन्ही बाजूंसमक्ष टेप लावून लिहिले : शेजाऱ्याच्या बाजूने सहा फुटांत जोते, त्यावर दोन फूट भिंत, आमच्या बाजूला तीन फूट वाट मोकळी. हा कागद पुढे फार उपयोगी पडला. काम कुठवर आले होते यावर नंतर कोणाला हुज्जत घालता आली नाही.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी वकीलसाहेबांनी आबांना समोर बसवून सांगितले, ‘‘उद्या कोर्ट जागा कोणाची हे ठरवणार नाही. तीनच गोष्टी बघणार. तिन्ही लागतात, दोन आहेत आणि एक नाही, तर अर्ज नामंजूर.’’ सर्वोच्च न्यायालयाने दलपत कुमार विरुद्ध प्रल्हाद सिंग या १९९१ सालच्या निकालात हेच स्पष्ट केले आहे, असेही ते म्हणाले.

पहिली गोष्ट प्रथमदर्शनी केस. मालकी सिद्ध करायची नसते. वाद खरा आहे, त्याला कागदाचा आधार आहे आणि तो साक्षीपुराव्याने तपासण्याजोगा आहे, एवढे दाखवायचे असते. आजोबांच्या १९६८ सालच्या खरेदीखतात जागा १५६० चौरस फूट आणि उत्तरेस ‘बोळासह’ असे होते. पण ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर १२०० चौरस फूटच होते. तफावत बरोबर बोळाएवढी, ३६० फुटांची. शेजाऱ्यांच्या वकिलांनी नेमके त्यावर बोट ठेवले. आमच्या वकिलांनी सांगितले की हा उतारा कर आकारण्यासाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही. बांधकाम परवानगीनेही ठरत नाही. मग त्यांनी शेजाऱ्यांनीच हजर केलेले त्यांचे २०१९ सालचे खरेदीखत उघडले. चतुःसीमेत दक्षिणेस आमच्या आजोबांचे नाव लिहून पुढे ‘यांचा बोळ’ असे शब्द होते. न्यायाधीशांनी ती ओळ दोनदा वाचली.

दुसरी गोष्ट सोयी-गैरसोयीचा समतोल. इथे कोर्ट, आपला आजचा हुकूम शेवटी चुकीचा ठरला तर काय होईल, असा विचार करते. मनाई दिली आणि पुढे शेजारी जिंकले, तर त्यांचे बांधकाम रखडलेले असेल, सिमेंट-सळईचा भाव वाढलेला असेल. मनाई नाकारली आणि पुढे आम्ही जिंकलो, तर उभे घर पाडायची पाळी येईल. तोवर गोठ्याची वाट बंद. कोणते पारडे जड, ते पाहायचे. इथे वेळेला फार किंमत असते. आम्ही चौथ्या दिवशी कोर्टात होतो. स्लॅब पडेपर्यंत गप्प राहिलो असतो, तर ‘भिंत चढत होती तेव्हा कुठे होतात?’ या प्रश्नाला उत्तर नव्हते, आणि तेच पारडे उलटे झुकले असते.

तिसरी गोष्ट भरून न येणारे नुकसान. याचा अर्थ मोठे नुकसान असा नाही. पैशांनी नीट भरपाई होणार नाही असे नुकसान. शेजाऱ्यांचे वकील म्हणाले, ‘‘३६० फुटांची किंमत आम्ही आज कोर्टात भरतो, मग नुकसान कसले?’’ आबांचा चेहरा उतरला. त्यांना शपथपत्रात आजोबांनी लावलेला कडुनिंब आणि भावकीत गेलेली अब्रू हवी होती. वकिलांनी ते दोन्ही गाळून म्हैस घातली होती. गोठ्याला दुसरी वाट नाही. बोळ बंद झाला तर म्हैस स्वयंपाकघरातून न्यावी लागेल. शिवाय आमच्या छपराची पागोळी बोळात पडते. तिथे भिंत आली तर पावसाळ्यात पाणी आमच्या मातीच्या भिंतीत मुरणार. भिंत खचली तर तिची किंमत देता येईल, पण आतल्या माणसांचे काय? हा प्रश्न विचारून आमचे वकील खाली बसले.

मे महिन्याच्या सुट्टीआधी हुकूम झाला. दाव्याचा निकाल लागेपर्यंत शेजाऱ्यांनी पुढे बांधकाम करू नये आणि तीन फुटांची वाट मोकळी ठेवावी. झालेले जोते काढून टाकावे ही आमची मागणी मात्र नामंजूर झाली. थांबवणे निराळे आणि केलेले मोडायला लावणे निराळे. दुसऱ्यासाठी या टप्प्यावर फार बळकट केस लागते. हुकूम मोडला तर मालमत्तेवर जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते, हे शेजाऱ्यांना त्यांच्या वकिलांनी समजावले असावे. काम थांबले.

गावात बातमी झाली की आम्ही दावा जिंकलो. आबांनी पेढे आणायला सांगितले, तेव्हा मी त्यांना हुकमातला शेवटचा परिच्छेद वाचून दाखवला : वरील मते या अर्जापुरतीच असून मूळ दाव्याच्या निर्णयावर त्यांचा परिणाम होणार नाही. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘म्हणजे जागा अजून कोणाचीच नाही म्हण की.’’

दाव्यात आता मुद्दे निघाले आहेत, साक्षी व्हायच्या आहेत; सरकारी मोजणीचा अर्जही दिला आहे. जोत्यावर गवत वाढले आहे. म्हैस रोज त्या तीन फुटांतून जाते, आणि शेजारच्या काकू तिला वाट देण्यासाठी आपली बादली बाजूला घेतात. दोन्ही घरे बोलत नाहीत, पण एवढे अजून चालू आहे.