राग वहीत, तारीख पत्रात

20 एप्रिल 2024 च्या रात्री साडेअकरा वाजता मी माझा पहिला राजीनामा लिहिला. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून, फोनवर, रडत रडत.

त्या दिवशी जीएसटी रिटर्न भरायची शेवटची तारीख होती. मी पुण्यातल्या एका खासगी कंपनीत अकाउंट्स विभागात होते. खरेदीच्या बिलांचा ताळा मी तीन दिवस आधीच करून साहेबांच्या मंजुरीसाठी पाठवला होता. दोनदा आठवणही केली होती. मंजुरी आली 20 तारखेला संध्याकाळी सात वाजता. पोर्टल संथ चाललं होतं, रिटर्न कसंबसं दहा वाजता गेलं. दंड लागला नाही. पण त्याआधी आठ वाजता, सगळ्या विभागासमोर साहेब म्हणाले, "हिच्या भरवशावर काही ठेवायची सोय नाही."

हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. दोन वर्षं असंच चाललं होतं. मी केलेले अहवाल त्यांच्या नावाने वर जायचे, चुका मात्र माझ्या नावावर राहायच्या. मुलीच्या ऑपरेशनसाठी मंजूर झालेली रजा आदल्या दिवशी रद्द झाली होती. दुसऱ्या कंपनीत माझी मुलाखतीची एक फेरी झाली होती, पण ऑफर अजून हातात नव्हती. त्या रात्री मला त्याचंही भान नव्हतं.

पत्र दीड पानाचं झालं. "आपल्या अपमानास्पद वागणुकीमुळे मला हा निर्णय घ्यावा लागत आहे" अशी सुरुवात आणि "एक दिवस आपल्याला याची जाणीव होईल" असा शेवट. पाठवायच्या बटणावर बोट होतं, तेवढ्यात सासरे पाणी प्यायला आले.

बाबा जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झालेत. बदल्या, रजा, राजीनामे यांच्या फायली हाताळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांनी फोन घेतला, चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, "खरं आहे सगळं. पण हे पत्र तुझ्या साहेबांच्या फायलीत नाही लागणार. तुझ्या फायलीत लागेल. पाच वर्षांनी ती फाईल कोणी उघडली, तर त्याला साहेब दिसणार नाहीत. चिडलेली तू दिसशील."

मी काही बोलले नाही. फोन परत देताना ते म्हणाले, "उद्या वहीत लिहून काढ सगळं. तारखांसकट. आणि नेमणुकीचं पत्र शोधून ठेव."

रविवारी सकाळी नेमणुकीचं पत्र काढलं. त्यात दोन गोष्टी होत्या, ज्या मी रात्री पार विसरले होते. नोटीस 60 दिवसांची होती. आणि रुजू झाल्याची तारीख होती 1 जुलै 2019.

बाबांनी कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले. 20 एप्रिलला राजीनामा दिला असता, तर साठावा दिवस 19 जून येत होता. माझी पाच वर्षं भरत होती 30 जूनला. फक्त 11 दिवस कमी! आणि ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सलग सेवा लागते. काही प्रकरणांत न्यायालयांनी थोडी कमी सेवाही मान्य केली आहे, पण त्यासाठी भांडत बसावं लागतं, आणि मला भांडण संपवायचं होतं. हिशोब तेव्हा सोपा होता: मूळ पगार आणि महागाई भत्ता भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. माझा आकडा 26,000 होता, म्हणजे पाच वर्षांचे 75,000 रुपये. रात्रीच्या एका बटणाची तेवढी किंमत होती.

एप्रिल संपता संपता नव्या कंपनीची ऑफर आली, 8 जुलैला रुजू होण्याची. तोवर मी वहीची सहा पानं भरली होती. मग 1 मेच्या सुट्टीला आम्ही दोघं पत्राला बसलो. रात्रीचं पत्र समोर ठेवलं आणि एकेक वाक्य घेतलं.

पहिलं गेलं ते 'अपमानास्पद'. बाबा म्हणाले, "हे तुझं मत झालं. मतावर समोरचा वाद घालू शकतो. तारखेवर नाही घालू शकत." मग ध्यानात आलं, की माझ्या पत्रात विशेषणं भरपूर होती आणि तारीख एकही नव्हती. शेवटचा दिवस कोणता, हेच लिहिलं नव्हतं.

मग मी उलट्या टोकाला गेले. नवा मसुदा असा: "मी राजीनामा देण्याचा विचार करत असून आपण कृपया मला कार्यमुक्त करावे ही नम्र विनंती. आपल्या बहुमोल मार्गदर्शनासाठी मी सदैव ऋणी राहीन."

बाबा हसले. "अगं, हा रजेचा अर्ज झाला. 'विचार करत आहे' म्हटलंस की ते म्हणणार, अजून विचार कर. तू परवानगी मागत नाहीयेस, कळवते आहेस." शब्द एवढासा बदलला, 'देण्याचा विचार करत आहे' ऐवजी 'देत आहे', आणि पत्राचा कणा ताठ झाला.

'बहुमोल मार्गदर्शन' माझ्या मलाच खटकत होतं. आदर दाखवायचा म्हणून खोटं कशाला लिहायचं? पण त्या कंपनीत मला काहीच मिळालं नाही, हेही खोटंच झालं असतं. वार्षिक ऑडिटची तयारी मी तिथेच पहिल्यांदा स्वतः केली. म्हणून आभार मानले ते कंपनीचे आणि सहकाऱ्यांचे, आणि तेही त्या एका खऱ्या गोष्टीबद्दल. साहेबांविषयी एक शब्द लिहिला नाही. चांगला नाही, वाईटही नाही. न बोलणं हीसुद्धा एक सभ्य रीत आहे.

कारण लिहायचं की नाही, यावर बराच वेळ गेला. 'वैयक्तिक कारणांमुळे' लिहायला हात धजेना, कारण ते खरं नव्हतं. शेवटी कारणाचं वाक्यच काढून टाकलं. नेमणुकीच्या पत्रात नोटीस द्यायची अट होती, कारण द्यायची कुठेच नव्हती. एचआरच्या पोर्टलवर मात्र यादीतून एक कारण निवडावंच लागलं. तिथे 'दुसरी संधी' निवडलं. तेही खरंच होतं.

शेवटचं पत्र असं झालं. मूळ इंग्रजीत होतं, इथे मराठीत देते:

"महोदय,

मी अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूक पत्रातील अटीनुसार 60 दिवसांचा नोटीस कालावधी 3 मे 2024 पासून सुरू होईल आणि सोमवार, 1 जुलै 2024 हा माझा कामाचा शेवटचा दिवस असेल.

माझ्याकडील कामांची यादी आणि सद्यस्थिती मी 10 मेपर्यंत देईन. माझ्या जागी येणाऱ्या व्यक्तीला नोटीस काळात काम समजावून देईन.

शेवटच्या दिवसाचे कार्यमुक्तीपत्र, अनुभवपत्र, शिल्लक रजांचा पगार आणि ग्रॅच्युइटीसह अंतिम हिशोब याबाबतची प्रक्रिया कृपया कळवावी.

येथे ऑडिटचे काम स्वतंत्रपणे करण्याची संधी मिळाली, त्याबद्दल कंपनीची आणि सहकाऱ्यांची आभारी आहे."

एवढंच. दीड पानाचे चार परिच्छेद झाले. दुसऱ्यांदा वाचताना कळलं, की पत्रातला ठामपणा तारखांत होता आणि आदर काम सोपवण्याच्या वाक्यात. दोन्हींसाठी वेगळे शब्द लावावेच लागले नाहीत.

2 मेला सकाळी पत्र साहेबांना आणि एचआरला एकाच ईमेलने पाठवलं. फक्त साहेबांना पाठवलं असतं तर "मला मिळालंच नाही" म्हणायला जागा राहिली असती. पाठवलेल्या ईमेलची एक प्रत छापून घरी ठेवली.

अकरा वाजता साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "एवढं कोरडं पत्र? पाच वर्षं काढलीस इथे." मग सूर बदलला. "जुलैअखेरपर्यंत थांब. त्याशिवाय मी मंजूर करणार नाही."

आधीची मी एकतर रडले असते, नाहीतर सहा पानं वाचून दाखवली असती. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "सर, तारीख नेमणूक पत्राप्रमाणे आहे, मी ती तशीच ठेवते. काम सोपवण्यात मात्र काही कमी पडू देणार नाही." त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हणाले. नवीन काही न सांगितल्यामुळे वादाला काही मिळालंच नाही. केबिनमधून बाहेर येऊन तेच दोन ओळींत ईमेलवर लिहिलं, एचआरला प्रत ठेवून. चार दिवसांनी एचआरचं उत्तर आलं, 1 जुलै मान्य करून.

आणि वहीतली सहा पानं? ती वाया गेली नाहीत. शेवटच्या आठवड्यात एचआरने निरोपाची मुलाखत घेतली, तेव्हा त्यातल्या तीन घटना तारखांसह सांगितल्या आणि एका पानावर लिहूनही दिल्या. रद्द झालेली रजा, उशिरा आलेली मंजुरी, सगळ्यांसमोरचं ते वाक्य. त्यावर काही झालं का, मला ठाऊक नाही. पण तक्रार तक्रारीच्या जागी गेली आणि राजीनामा राजीनाम्याच्या.

एक मात्र सांगायलाच हवं. माझा त्रास कडू होता, पण तो वागण्यापुरता होता. कोणी जबरदस्तीने राजीनामा लिहून घेत असेल, पगार अडवत असेल किंवा लैंगिक छळ होत असेल, तर असं गोड-कोरडं पत्र लिहून निघून जाऊ नका. 'स्वेच्छेने' हा शब्द तर लिहूच नका. पुढे तोच तुमच्या विरोधात दाखवला जाऊ शकतो. तिथे आधी लेखी तक्रार हवी. लैंगिक छळाची तक्रार कंपनीच्या अंतर्गत समितीकडे शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते, आणि राजीनाम्याआधी वकिलाचा सल्ला घेतलेला बरा.

ऑगस्टमध्ये नव्या कंपनीने जुन्या ठिकाणी माझी चौकशी केली. पद, तारखा आणि नोटीस पूर्ण केली का, एवढंच विचारलं गेलं. एचआरने फाईल पाहून उत्तर दिलं. साहेबांना विचारायची वेळच आली नाही.

ग्रॅच्युइटी जमा झाली त्या दिवशी बाबांना आवडते म्हणून आंबा बर्फी आणली. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, "ती वही कुठे आहे?"

"कपाटात."

"राहू दे. फाडू नकोस," ते म्हणाले, "पण रोज उघडूही नकोस."