मीठ चुकलं, मॅडम

एम.एस्सी.च्या वर्षात नव्यानं आलेल्या मुलांना मी पहिल्यांदा मीठच मोजायला देते. घरातलं, डब्यातलं. एक्सआरडीवर, म्हणजे क्ष-किरणांच्या विवर्तनाच्या यंत्रावर, हात बसवायला त्यासारखा स्वस्त स्फटिक नाही. शिवाय उत्तर सगळ्या जगाला माहीत, त्यामुळे चूक लपत नाही. परवा एक विद्यार्थिनी आलेख घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मीठ चुकलं."

तिचं म्हणणं असं, की मिठाच्या स्फटिकात अणूंचे जे थर एकावर एक रचलेले असतात, त्यांतलं अंतर २.८२० अँगस्ट्रॉम यायला हवं होतं आणि तिला २.८२६ मिळालं होतं. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.) फरक एका टक्क्याच्याही पाव भागाएवढा. स्वयंपाकात चालून जाईल, आमच्याकडे चालत नाही.

हे अंतर मोजायचं तत्त्व विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१२ साली मांडलं, तेव्हा त्यांचं वय २२ होतं. त्याच वर्षी म्युनिकमध्ये लाउए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फटिकातून क्ष-किरण सोडून फोटोच्या काचेवर ठिपक्यांची नक्षी मिळवली होती. ब्रॅग यांनी त्या ठिपक्यांकडे पाहून ठरवलं, की हे किरण स्फटिकातल्या प्रतलांवरून परावर्तित होऊन आलेत. प्रतल म्हणजे अणूंचा एक सपाट थर.

परावर्तन म्हटलं की आरसा डोळ्यांपुढे येतो, पण इथं फरक आहे. आरसा कुठल्याही कोनात प्रकाश परत देतो. स्फटिकातलं एकेक प्रतल मात्र क्ष-किरणांचा अगदी नगण्य अंश परतवतं, बाकीचा किरण सरळ खालच्या थरात उतरतो. तिथून पुन्हा थोडासा परततो, पुढच्या थरातून आणखी थोडा. वरच्या थरावरून परतलेल्या लाटेपेक्षा खालच्या थरावरून आलेल्या लाटेला थोडं जास्त चालावं लागतं. थरांमधलं अंतर d आणि किरण थराशी करतो तो कोन θ असेल, तर हे जादा चालणं 2d sinθ इतकं होतं: जाताना d sinθ, येताना तेवढंच. हे पथांतर पूर्ण एका, दोन किंवा तीन तरंगलांबींइतकं असेल तरच सगळ्या लाटा शिखराला शिखर लावून बाहेर पडतात.

nλ = 2d sinθ

या अटीचा कडकपणा पहिल्यांदा कळला तेव्हा मी चकित झाले होते. समजा कोन जरासा चुकला आणि पथांतर तरंगलांबीच्या हजाराव्या भागानं जास्त झालं. पहिल्या दोन थरांना ते जाणवणारही नाही. पण पाचशे एकाव्या थरापर्यंत ती चूक साचत साचत अर्ध्या तरंगलांबीवर जाते, आणि पहिल्या थराची लाट वर असताना त्याची लाट खाली असते. दुसऱ्या थराला पाचशे दोनावा पुसतो, तिसऱ्याला पाचशे तिनावा, आणि शेवटी काहीच उरत नाही. म्हणून आलेखावर सपाट रेषा चाललेली असते आणि अचानक सुळक्यासारखं पीक उठतं. स्फटिकाचे कण फारच बारीक असले, तर पुसायला पुरेसे थर नसतात आणि पीक पसरट होतं.

आता तिचा हिशोब. आमच्या यंत्रात तांब्याचे क्ष-किरण असतात. त्यांतल्या सर्वांत प्रखर रेषेची तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम. यंत्र दाखवतं तो कोन θ नसून 2θ असतो, कारण डिटेक्टर मूळ किरणापासून किती वळला ते ते मोजतं. निम्मं करायला विसरणारे दरवर्षी दोघे-तिघे तरी निघतात. ही विसरली नव्हती. तिचं सर्वांत उंच पीक ३१.६४ अंशांवर होतं. निम्मे १५.८२, त्याचा साइन ०.२७२६. त्याच्या दुपटीनं तरंगलांबीला भागलं की २.८२६. गणित चोख.

"याच प्रतलांचं दुसरं पीक कुठंय?" मी विचारलं. म्हणजे n दोन असलेलं, जिथं पथांतर दोन तरंगलांबींचं होतं. ते बुटकं असतं, म्हणून मुलं त्याच्याकडे बघत नाहीत. तिनं शोधलं: ६६.१८ अंश. पुन्हा हिशोब मांडला, आणि या वेळी d आला २.८२२.

एकाच प्रतलांना दोन अंतरं असू शकत नाहीत. म्हणजे मीठ बरोबर होतं, मोजणी चुकली होती. सकाळीच तपासलेल्या सिलिकॉनचं पीक २८.४४ अंशांवर, जिथल्या तिथं आलं होतं, म्हणजे यंत्राचा शून्यही ठीक होता. उरला नमुना. मी होल्डर उचलून डोळ्यांच्या रेषेत धरला. खळगीतली पूड काठापेक्षा जराशी खाली बसली होती, वहीच्या कागदाच्या जाडीएवढी. म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, आणि आमच्या यंत्राची त्रिज्या आहे २०० मिलिमीटर. तेवढ्यानं पहिलं पीक सुमारे ०.०६ अंशानं खाली सरकतं. कोन कमी दिसला की अंतर जास्त निघतं. कोन मोठा होत जातो तसा त्या सरकण्याचा d वरचा परिणाम घटत जातो, म्हणून दुसऱ्या पिकाचं उत्तर खऱ्याच्या जवळ आलं होतं. अचूक अंतर हवं असेल तर मोठ्या कोनाचं, बुटकं पीक धरावं, ते यासाठी.

तिनं पूड पुन्हा अकीकाच्या खलात घोटली आणि काचपट्टीनं काठाबरोबर केली. फार दाबू नकोस, एवढं मी बजावलं. मिठाचे कण चौकोनी असतात. दाबले की फरशीसारखे पाठीवर पडतात आणि एकाच जातीची प्रतलं वर तोंड करून बसतात. दुसऱ्या फेरीत ३१.७० आणि ६६.२३ अंश मिळाले. दोन्हींवरून २.८२०.

चार दिवसांनी ती स्वतःहूनच लो-सोडियम मीठ घेऊन आली, घरी आजीसाठी आणलेलं. त्यात नेहमीच्या मिठाबरोबर पोटॅशियम क्लोराइड असतं. आलेखावर ३१.७० शेजारी २८.३५ अंशांवर नवं पीक उभं होतं. अंतर ३.१४६ अँगस्ट्रॉम, कारण पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षा थोराड. दोन्ही पिकं आपापल्या जागी होती, म्हणजे दोन्ही मिठांचे कण वेगवेगळे राहिले होते, एकमेकांत विरघळून एक स्फटिक झाला नव्हता.

तिला अडलं ते भलतीकडेच. नेहमीच्या मिठात २७.४ अंशांवर एक छोटं पीक असतं. ते घनाला कोपऱ्याकडून तिरपं कापणाऱ्या प्रतलांचं. पोटॅशियमच्या मिठाची रचना अगदी तशीच, तर त्याचं तसलं पीक २४.५ अंशांजवळ हवं. तिथं काहीच नव्हतं.

या तिरप्या दिशेनं पाहिलं, तर एक थर नुसत्या धातूचा, एक नुसत्या क्लोरीनचा, बरोबर मधोमध. क्लोरीनचे थर एकमेकांशी जुळतात त्या कोनात धातूच्या थराची लाट नेमकी उलटी पडते. क्ष-किरण परतवतात ते इलेक्ट्रॉन. क्लोरीनच्या आयनात ते १८, सोडियमच्या आयनात १०. वजाबाकी होऊन थोडं उरतं, म्हणून छोटं पीक. पोटॅशियमच्या आयनात मात्र १८ आहेत. ब्रॅग यांना १९१३ साली या दोन मिठांच्या तुलनेतून त्यांची रचना उलगडली होती.

तिनं आलेखाची प्रत वहीत चिकटवली, २४.५ च्या रिकाम्या जागेकडे पेन्सिलीनं बाण काढला आणि खाली लिहिलं: "१८ − १८."