आठव्या आकड्याचा आवाज

‘वजन उचलताना श्वास रोखू नका’ हे वाक्य मी व्यायामशाळेत इतकं बोललोय की ते आता माझं मलाच ऐकू येत नाही. प्रेशरवाल्याला तर ते पहिल्याच दिवशी सांगायचं असतं. तो मान डोलावतो, लेग प्रेसवर बसतो, आणि वजन जरा अडलं की त्याचा श्वास कोंडतो. विचारलं तर म्हणतो, ‘छे सर, घेत होतो की!’ खोटं बोलत नसतो तो. त्याला खरंच कळलेलं नसतं.

मागच्या पावसाळ्यात एक निवृत्त पोस्टमास्तर आले आणि या एका गोष्टीनं माझी पाठ धरली. वय साठीच्या आत-बाहेर, बरीच वर्षं प्रेशरच्या गोळ्या. खिशात डॉक्टरांची चिठ्ठी होती, ‘जिमला हरकत नाही’ एवढीच. असल्या चिठ्ठीचा मला उपयोग नसतो. मी त्यांना परत पाठवलं आणि विचारायचे प्रश्न कागदावर लिहून दिले : प्रेशर सध्या ताब्यात आहे का, गोळ्या कुठल्या, ईसीजी किंवा स्ट्रेस टेस्टची गरज आहे का, आणि डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड, महाधमनी यांत असं काही आहे का की ज्यामुळे जोर करणं धोक्याचं ठरेल. डॉक्टर चिडतील अशी त्यांना भीती होती. उलट डॉक्टरांनी नीट लिहून दिलं. त्यातून कळलं की एक गोळी मेटोप्रोलॉल आहे. ती नाडीला लगाम घालते, त्यामुळे नाडी मोजून श्रम ओळखायचा माझा नेहमीचा मार्ग त्यांच्यापुरता बंद झाला.

आमच्याकडे दंडाला पट्टा बांधायच्या आधी माणसाला पाच मिनिटं गप्प बसवतो. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीवर टेकवलेला. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली असेल तर थांबायचं. आकडा १६०/१०० च्या वर दिसला तर थोड्या वेळानं पुन्हा मोजतो, आणि तसाच राहिला तर त्या दिवशी वजन नाही, आधी डॉक्टर. १८०/११० च्या वर तर प्रश्नच नाही. छातीत दुखणं, दम लागणं, दिसायला अंधुक होणं असं काही सोबत असेल तर सरळ दवाखाना. पोस्टमास्तरांचा आकडा १३८/८६ असायचा, म्हणजे कामाला लागायला हरकत नव्हती.

कोंडलेल्या श्वासाची मला एवढी धास्ती का? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तगड्या बॉडीबिल्डरांच्या दंडाच्या धमनीत नळी घालून लेग प्रेस करताना प्रेशर मोजलं होतं. १९८५ साली ते छापून आलं. जवळजवळ कमाल वजनावर थकेपर्यंत ढकलताना सरासरी कमाल आकडा ३२०/२५० पर्यंत गेला, आणि एकाचा ४८०/३५० च्याही वर. ती तरणीबांड, निरोगी पोरं होती. दाब वाढण्याला दोन गोष्टी कारण होतात : आवळलेल्या स्नायूंत रक्तवाहिन्या चेपल्या जातात, आणि गळा बंद करून जोर केला की छाती-पोटातला दाब त्यात भर घालतो. वजन खाली ठेवल्यावर आकडा लगेच उतरतो. बसल्यावर मोजून सेटमध्ये काय झालं ते कळत नाही ते त्यामुळेच. सेट चालू असताना ओळखायला आपल्याजवळ डोळे आणि कान, एवढंच.

म्हणून मी पोस्टमास्तरांना मोठ्यानं मोजायला लावलं. ढकलताना आकडा, परत येताना नाकानं श्वास. मोजणारा माणूस श्वास रोखूच शकत नाही, असं मला वाटायचं. चाळीस किलोवर सात आकडे ठणठणीत आले. आठवा चिरका आला. दार फटीएवढं उघडून आतून कुणी बोलावं, तसा. जबडा आवळलेला, मानेवरची शीर तट्ट फुगलेली, हँडलवर बोटं पांढरी पडलेली. आकडा आला होता, पण श्वास आत तसाच होता. गळ्याच्या फटीतून शब्द तेवढा पिळून काढला होता.

मग मी श्वास शिकवणंच सोडून दिलं आणि वजन उतरवलं. तीस किलोवर बारा आकडे एकाच आवाजात आले. तेच त्यांचं वजन ठरलं. कमाल किती उचलता येतं ते काढून त्याचे टक्के लावायची रीत प्रेशरवाल्यावर मी वापरत नाही, कारण ते कमाल वजन उचलताना माणूस श्वास रोखतोच. दहा-बारा झाले की थांबायचं आणि अजून तीन-चार जमले असते असं वाटलं पाहिजे. दोन सेटच्या मध्ये दीड-दोन मिनिटं बसायचं. हँडल पकडायचं, आवळायचं नाही. सलग दोन वेळा बारावा आकडा पहिल्यासारखा आला की अडीच किलो वाढवायचे. सेट झाल्यावर झटकन उठायचं नाही, गोळीवाल्याला चक्कर येते. डोकं खाली जाणारे बाक आणि भराभर मारलेले जोर त्यांच्यासाठी मी बाजूलाच ठेवले.

‘हलकं वजन, भरपूर रेप्स, म्हणजे सेफ’ हा समज मात्र पक्का रुजलेला आहे. हलकं वजनही अंग थरथरेपर्यंत ओढलं की दाब रेपागणिक चढत जातो आणि शेवटच्या दोनात सगळ्यात वर असतो. आणि आमच्या रस्त्यावर झालेल्या चकचकीत जिममध्ये नेमके त्या शेवटच्या दोनासाठी पोरं ओरडतात, ‘सर, दोन और!’ स्पीकर एवढा मोठा की आठव्या आकड्याचा आवाज ब्रह्मदेवालाही ऐकू यायचा नाही. तिथला एक ट्रेनर तीन महिन्यांत गोळ्या सुटतील म्हणून सांगतो. व्यायामानं प्रेशर थोडं उतरतं, हे खरं. पण गोळी कमी करायची की नाही ते ज्यानं लिहून दिली त्यानं ठरवायचं, आपलं काम नाही ते.

सेट सुधारले तरी श्वास कुठे कोंडतो, हे पुढे एकदा पोस्टमास्तर जमिनीवरचे डंबेल उचलत होते तेव्हा दिसलं. प्लेट चढवताना, डंबेल गुडघ्यावर घेताना, रॅकवर परत ठेवताना. मोजणी सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यानंतर. तिथे कोणी आकडा म्हणत नाही. आता त्यांचे डंबेल कंबरेएवढ्या उंच बाकावर असतात आणि प्लेट मी चढवतो.

यात एक गोष्ट मला अजून जड जाते. वर्षानुवर्षं माझी ऐट पोरांच्या आकड्यांवर चालत आली. भिंतीवरच्या फळ्यावर नावं असतात, पुढे किलो असतात, बाहेरून कुणी आलं की मी त्याला मुद्दाम फळ्यासमोर उभं करतो. पोस्टमास्तरांचे साडेसदतीस किलो तिथे लिहावेत असं मला वाटत नाही, आणि वाटत नाही याची लाज वाटते. तेही ओळखून आहेत. परवा फळ्याकडे बघून म्हणाले, ‘सर, आमच्या आवाजाला नंबर द्यायची सोय आहे का?’ मी हसलो, पण खडू काही उचलला नाही.