रकान्यावरचा हात

जुन्या पद्धतीच्या पटकथेच्या पानाला दोन उभे रकाने असतात. डावीकडे दृश्य, उजवीकडे ध्वनी. माहितीपट लिहिणारे बरेच जण अजूनही असंच लिहितात. मीही हा ढाचा सोडलेला नाही, कारण या पानावर एक सोपी परीक्षा घेता येते. डाव्या रकान्यावर तळहात ठेवायचा आणि उरलेलं वाचायचं. जे उरतं तेवढंच दृष्टिहीन प्रेक्षकाच्या वाट्याला येतं. मग हात उजवीकडे सरकवायचा, की कर्णबधिर प्रेक्षकाचा सिनेमा समोर येतो. गोष्ट कुठे अडते ते दोन्ही वेळा लगेच कळतं.

एक प्रसंग घेऊ. कोकणातलं घर, दुपारची वेळ. वडील जाऊन महिना झालाय. माई माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडते. आत आईचं जुनं लुगडं, त्याच्याखाली पासबुक, आणि पासबुकावर वडिलांच्या जोडीला एका अनोळखी बाईचं नाव. माई मान वर करते. दारात तिचा भाऊ अण्णा उभा आहे, कधीपासून कोण जाणे. भिंतीवर वडिलांचा हार घातलेला फोटो. पहिल्या खर्ड्यात या सगळ्याला एकही संवाद नव्हता. उजव्या रकान्यात फक्त एवढंच होतं: ट्रंकेची कडी वाजते, पार्श्वसंगीत. डाव्या रकान्यावर हात ठेवला की बाकी काही म्हणजे काही उरत नव्हतं. एक कडी वाजली आणि कुणीतरी सारंगी वाजवली, एवढीच गोष्ट.

इथे ऑडिओ डिस्क्रिप्शन लागतं, म्हणजे संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत बसवलेलं निवेदन. जागा मोकळी असेल तरच ते बसतं, आणि ती मोकळी ठेवणं लेखकाच्या हातात असतं. आपला प्रसंग आठ सेकंदांचा आहे. कडीचा आवाज स्वच्छ ऐकू यायला हवा, शेवटी पुढच्या संवादाआधी श्वासभर शांतता हवी. म्हणजे निवेदनाला सहा-साडेसहा सेकंद. आपली मराठी प्रत्यय पोटात घेऊन चालते, त्यामुळे शब्द लांब. घाई न करता सेकंदाला दोन शब्द धरावेत, अशी माझी सवय आहे. हिशेब बारा-तेरा शब्दांवर येतो.

‘माई ट्रंक उघडते. लुगड्याखाली पासबुक. ती पान उलटते, थबकते. दारात अण्णा.’

अकरा शब्द झाले. कडी वाजली हे सांगितलं नाही, ती ऐकू येतेच. माईला धक्का बसला असंही म्हटलं नाही. थबकते म्हटलं की धक्का ऐकणारा आपला आपण ओळखतो. प्रेक्षकाला पुरावा द्यावा, निकाल देऊ नये, असा या कामातला रिवाज आहे. तो मला पटतो, पण पोथीसारखा पाळावा असं वाटत नाही. वेळ दीड सेकंद असेल तर ‘पदराचं टोक ओठांशी नेते, नजर खाली वळवते’ असं कातत बसण्यापेक्षा ‘गहिवरते’ हा एक शब्द जास्त प्रामाणिक असतो.

फोटोला मात्र या अकरा शब्दांत जागा उरली नाही. तो मी आधीच्या प्रसंगात सरकवला, जिथे माई अंगण झाडते आणि बोलणारं कुणी नाही. तिथे ‘ओटीवर वडिलांचा हार घातलेला फोटो’ एवढं पुरतं. वडील वारले हे निवेदकाने सांगायचं नसतं. फोटोला हार म्हटल्यावर आपल्याकडे कुणाला काही समजावून सांगावं लागतं का?

खरी अडचण त्या बाईच्या नावाची होती. पडद्यावरची अक्षरं हा दृष्टिहीन प्रेक्षकाचा सगळ्यात मोठा तोटा. पत्र, पाटी, मोबाइलवरचा मेसेज. कॅमेरा त्यावर तीन सेकंद रेंगाळतो, संगीत चढतं, आणि डोळस माणसं ‘अरे बापरे’ म्हणतात. निवेदकाने नाव वाचलं असतं तर बारा शब्दांचं गणित कोलमडलं असतं. शिवाय कथेतलं सगळ्यात मोठं रहस्य एका त्रयस्थाच्या सपाट आवाजात फुटलं असतं. म्हणून नाव माईच्याच तोंडी दिलं. ती पुटपुटत वाचते, अक्षरं लावत: ‘सुशीला... दत्ताराम...’ दिग्दर्शकाचा आक्षेप होता की एकटं माणूस मोठ्याने वाचत नाही. चौथी शिकलेल्या, साठी ओलांडलेल्या बायका कागद हातात आला की ओठ हलवतातच, हे त्याला त्याच्याच घरात ऐकायला सांगितलं. पुढच्या वाचनाला त्याने तो मुद्दा काढला नाही. आता नाव आवाजात आहे, कॅप्शनमध्ये आहे आणि पासबुकावरही आहे. चष्मा घरी विसरून आलेल्या प्रेक्षकालाही ते मिळतं.

आता हात उजव्या रकान्यावर. माई मान वर का करते? डोळस आणि कानाने धड असलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. कर्णबधिर प्रेक्षकाला पडतो, कारण त्याच्या सिनेमात माणसं अधूनमधून विनाकारण मागे वळतात. दुसऱ्या खर्ड्यात अण्णाचं खाकरणं घातलं होतं आणि कॅप्शनच्या मसुद्यात कुणीतरी लिहिलं: [अण्णा खाकरतो]. झालं! माई वळण्याआधीच दारात कोण आहे ते फुटलं. दुरुस्ती सोपी होती: [मागून खाकरण्याचा आवाज]. ध्वनीचं कॅप्शन लिहिताना आवाज कसला आहे याइतकंच तो कुणाचा आहे हे कधी कळू द्यायचं, याचंही भान लागतं. गंमत म्हणजे इथे दृष्टिहीन प्रेक्षक सगळ्यांच्या पुढे असतो. ते खाकरणं आधीच्या प्रसंगात एकदा ऐकवून ठेवलं, तर माई वळायच्या आत तो ओळखतो, अण्णा आला. ही संधी लेखकाने का सोडावी?

मग संवाद. अण्णा म्हणतो, ‘तुझ्याशी खोटं बोललो मी, पण बाबांना कधीही फसवलं नाही.’ कॅप्शनला साधारण दोन ओळी मिळतात, एका ओळीत चाळीसच्या आसपास चिन्हं. एकेक कॅप्शन पडद्यावर सेकंदभर तरी राहायला हवं, सहा-सात सेकंदांपलीकडे नको. चिन्हांचा हा हिशेबही देवनागरीत फसवा असतो. ‘स्त्री’ आपल्या डोळ्याला एक अक्षर दिसतं, सॉफ्टवेअर त्यात सहा मोजतं. जोडाक्षरांनी भरलेली ओळ दिसायला तोकडी असली तरी यंत्राच्या लेखी लांब ठरते आणि ते ती नको तिथे तोडतं. आमच्या अण्णाचं वाक्य असं तुटलं की ‘बाबांना कधीही फसवलं’ हे एका कॅप्शनमध्ये राहिलं आणि ‘नाही’ पुढच्यात गेलं. दीड सेकंद अण्णा गुन्हेगार! आपल्या भाषेत नकार शेवटी येतो, तेव्हा ‘नाही’ला त्याच्या क्रियापदापासून दूर करायचं नाही. लिहितानाच वाक्य आखूड केलं, तर तोडायची वेळच येत नाही: ‘तुझ्याशी खोटं बोललो मी.’ पुढचं कॅप्शन: ‘बाबांना फसवलं नाही.’ वाक्य नटाच्या तोंडीही सुधारलं, हे वेगळं सांगायला नको.

याच्या उलटही होतं. अण्णा म्हणतो, ‘ही सुशीला...’ थांबतो, पायाच्या अंगठ्याने शेणाची जमीन उकरतो, आणि मग, ‘आपली बहीण आहे.’ सगळं वाक्य एकाच कॅप्शनमध्ये आलं तर कर्णबधिर प्रेक्षक नटाच्या आधी शेवटाला पोचतो आणि मग त्या अंगठ्याकडे उगाच बघत बसतो. म्हणून पटकथेत मी तो थांबा नुसत्या टिंबांनी लिहीत नाही. तिथे वेगळी ओळ करतो आणि क्रिया मधे लिहितो. कॅप्शन करणाऱ्याला न सांगता कळतं की इथे कापायचं.

मराठी या कामात मदतही खूप करते. ‘जातो’, ‘जाते’ म्हटलं की माई बोलतेय की अण्णा हे ओळीतच येतं. दोघांच्या प्रसंगात कॅप्शनला नाव जोडावं लागत नाही. आपण ‘अगं माई’, ‘अहो वहिनी’ असं हाक मारतच बोलतो, त्यामुळे कोण कुणाशी बोलतंय हे दृष्टिहीन प्रेक्षकाला आपसूक कळतं. शहरी ऐटीत लिहिताना या हाका गाळल्या जातात. मी त्या परत घालतो. लग्नघरातल्या प्रसंगात मात्र भाषेचा इलाज चालत नाही. पाच जण एकदम बोलायला लागले की कॅप्शन हात टेकतं. तिथे गलका हवा तेवढा करावा, फक्त कथेला लागणारं वाक्य गलक्यात एकटं पडेल असं लिहावं.

मालिकांबद्दल बोलायलाच नको. तिथे मोकळी जागा भरपूर, पण तिच्यात ढोल वाजत असतो. आणि निवेदकाने सांगायचं काय? सासू बघते. सून बघते. पुन्हा सासू बघते.

१९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहायला बसलेला कर्णबधिर माणूस शेजाऱ्याइतकाच सिनेमा पाहत होता. पाट्या दोघांनाही सारख्याच वाचाव्या लागत. १९३२ ला ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला आणि मराठी पडद्यावर शेजारी पुढे निघून गेला. अमेरिकेत इमर्सन रोमेरो नावाचा कर्णबधिर नट मूकपटांत काम करायचा. बोलपटांनी त्याचं काम नेलं आणि प्रेक्षक म्हणूनही त्याला बाहेर काढलं. १९४७ मध्ये त्याने बोलपटांच्या फिती आणून, कापून, दृश्यांच्या मधे पुन्हा पाट्या चिकटवायला घेतल्या. प्रत्येक पाटीला चित्र थांबायचं, आवाज तुटायचा. आता कॅप्शन चित्राला न तोडता खाली येतं. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑडिओ डिस्क्रिप्शन, सांकेतिक भाषा आणि कॅप्शन यांचा नावानिशी उल्लेख आहे, आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने चित्रपटगृहांतल्या सिनेमांसाठी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. तरी बहुतेक वेळा हे काम सिनेमा कापून, जोडून, संगीत ओतून झाल्यावर कुणाच्या तरी गळ्यात पडतं. तोवर आठ सेकंदांत सारंगी भरलेली असते.

एक प्रेक्षक असा आहे ज्याला कॅप्शनही दिसत नाही आणि निवेदनही ऐकू येत नाही. बहिरांध माणसापर्यंत सिनेमा पोचतो तो लेखी प्रतीतून, ब्रेलमध्ये, बोटाखाली एकेक ओळ सरकत. ही प्रत शूटिंगच्या आधीच्या पटकथेवरून चालत नाही. संकलन झाल्यावर जे उरलं त्यावरून ती नव्याने लिहावी लागते. तिच्यात दोन रकाने नसतात. दृश्य, आवाज, संवाद सगळं एकाच ओळीत येतं आणि कशाआधी काय, हा क्रमच तिथला कॅमेरा असतो. म्हणून त्या प्रतीत मी आधी पासबुक लिहिलं, मग माईचं पुटपुटणं. मग मागून खाकरण्याचा आवाज. माई मान वर करते हे त्यानंतर, आणि अण्णाचं नाव पुढच्या ओळीवर.